नावात सहा नसलेला मुलगा

मृणाल माझी भाची. तिचं लग्न जवळजवळ ठरलंच होतं. दोन्ही घरच्या भेटी झाल्या होत्या, मुलगा-मुलगी चार वेळा बाहेर भेटली होती, आणि ताई हॉलच्या तारखा विचारायला लागली होती. अशात एका रात्री साडेदहाला ताईचा फोन आला. ‘तुला ते अंकशास्त्राचं कळतं ना? एक कागद पाठवते, वाच आणि खरं सांग.’

कागद म्हणजे चार पानांचा अहवाल होता. भिशीतल्या एका मैत्रिणीच्या सांगण्यावरून ताईने एका अंकशास्त्रींकडून मुलाची माहिती काढून घेतली होती. पहिली तीन पानं नेहमीची होती: मूलांक, भाग्यांक, शुभ रंग, शुभ वार. ती ताईने वाचलीसुद्धा नव्हती. तिचा जीव अडकला होता चौथ्या पानावर. मथळा होता ‘जोडीदाराचे सुप्त गुणदोष’, आणि खाली साधारण असा मजकूर:

हिडन पॅशन नंबर १. मुलगा वरून सौम्य, पण आतून सत्तेची तीव्र ओढ. निर्णय स्वतःच्या हातात ठेवील, हे रूप लग्नानंतर दिसू लागेल. सबकॉन्शस सेल्फ नंबर ७. संकटात स्वतःच्या कोशात जाईल, पत्नीला विश्वासात घेणार नाही. नावात ३ आणि ६ नाहीत. ३ नाही म्हणजे मन मोकळं करता येत नाही. ६ नाही म्हणजे संसार आणि घरची जबाबदारी यांची मुळात ओढ नाही.

‘सहा नाही रे त्याच्यात,’ ताई म्हणाली. जणू रक्ततपासणीत काहीतरी कमी निघालं होतं.

मी बारा-तेरा वर्षं हौसेने अंकशास्त्र शिकलोय, पैसे कधी घेतले नाहीत. त्यातलं भविष्य मला पटत नाही, पण त्यातली मांडणी आवडते, आणि कोणता आकडा कुठून येतो हे मला बऱ्यापैकी सांगता येतं. हे प्रकरण लिहून काढतोय ते त्यासाठीच. इथली माणसांची नावं बदलली आहेत. मात्र नवी नावं निवडताना अहवालात आलेले आकडे तेच येतील एवढं पाहिलं आहे, त्यामुळे पुढचा हिशेब कुणीही कागदावर करून पाहू शकतो.

आधी हे दोन आकडे म्हणजे काय ते. आपल्याकडे अंकशास्त्र म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर किरो या आयरिश भविष्यवेत्त्याची पद्धत येते. हिडन पॅशन आणि सबकॉन्शस सेल्फ हे त्या घरचे नव्हेत. ते विसाव्या शतकात अमेरिकेत वाढलेल्या, स्वतःला पायथागोरियन म्हणवणाऱ्या शाखेतले आहेत. (पायथागोरसचा याच्याशी संबंध नावापुरताच. तो ग्रीक माणूस, आणि इथे अक्षरं आहेत इंग्रजीची सव्वीस.) त्या शाखेचा तक्ता अगदी सरळ आहे. ए पासून एक, दोन, तीन करत नऊपर्यंत जायचं, मग जे पासून पुन्हा एक, आणि एस पासून पुन्हा एक.

```
१: A J S    २: B K T    ३: C L U
४: D M V    ५: E N W    ६: F O X
७: G P Y    ८: H Q Z    ९: I R
```

आता जन्माच्या वेळचं पूर्ण नाव घ्यायचं, प्रत्येक अक्षराखाली आकडा लिहायचा आणि कोणता आकडा किती वेळा आला ते मोजायचं. बेरीज करायची नाही, फक्त मोजायचं. नामांकापेक्षा हे वेगळं आहे आणि नवखे नेमके इथेच घसरतात. सगळ्यांत जास्त वेळा आलेला आकडा म्हणजे हिडन पॅशन, माणसाला आतून ढकलणारी ओढ. दोन आकडे बरोबरीत आले तर दोन्ही धरतात. एकदाही न आलेले आकडे म्हणजे कर्मिक लेसन, या जन्मात शिकायचे राहिलेले धडे. नवातून या गायब आकड्यांची संख्या वजा केली की उरतो तो सबकॉन्शस सेल्फ. म्हणजेच नावात किती वेगवेगळे आकडे हजर आहेत, तेवढाच त्याचा अर्थ. अंकशास्त्री त्यावरून अचानक ओढवलेल्या प्रसंगात माणूस कसा वागेल ते सांगतात. सात असेल तर मागे सरून एकटाच विचार करणारा. आठ असेल तर भक्कम, ज्याच्यावर टेकता येतं असा. नऊ असेल तर कशानेच न हलणारा, थोडासा अलिप्त.

मुलाचं नाव आपण महेश पटवर्धन धरू. अहवाल याच दोन शब्दांवर केलेला होता, कारण ताईने बायोडेटाच्या वरच्या ओळीतलं नाव तसंच पाठवलं होतं.

```
M A H E S H    P A T W A R D H A N
४ १ ८ ५ १ ८    ७ १ २ ५ १ ९ ४ ८ १ ५
```

एक पाच वेळा, पाच आणि आठ तीन-तीन वेळा, चार दोनदा, आणि दोन, सात, नऊ एकेकदा. तीन आणि सहा नाहीत. हिडन पॅशन १, सबकॉन्शस सेल्फ ७. अहवालातलं गणित चोख होतं, चूक त्याच्या आधीच झाली होती. या शाखेचा पहिलाच नियम आहे की पूर्ण जन्मनाव घ्यायचं, आणि आपल्याकडे पूर्ण नाव म्हणजे मधलं वडिलांचं नावही. मी ताईला विचारलं, मुलाच्या दहावीच्या दाखल्यावर काय आहे? तिच्याकडे बायोडेटाची दोन्ही पानं होती. वडिलांचं नाव रामचंद्र.

```
R A M C H A N D R A
९ १ ४ ३ ८ १ ५ ४ ९ १
```

ही दहा अक्षरं मधे घातली की एक आठ वेळा होतो, चार, पाच आणि आठ चार-चार वेळा, नऊ तीन वेळा. आणि तीन येतो. एकदाच येतो, तोही रामचंद्रातल्या ‘च’च्या सी मुळे. आता गायब फक्त सहा, त्यामुळे सबकॉन्शस सेल्फ ७ चा ८ झाला. संकटात कोशात जाणारा, बायकोला काही न सांगणारा मुलगा वडिलांच्या नावातल्या एका सी मुळे भक्कम आधार होऊन बसला.

ताईला मी हे सांगितलं तेव्हा तिला आधी बरंच वाटलं. दुसऱ्या दिवशी तिने अंकशास्त्रींना फोन लावला. त्यांची बाजूही सांगायला हवी: त्यांच्या फॉर्मवर ‘जन्मदाखल्याप्रमाणे पूर्ण नाव’ असंच छापलेलं होतं, घाई ताईने केली होती. त्यांनी नवा पैसा न घेता चौथं पान बदलून दिलं. नव्या पानावर ८ होता: कठीण काळात खंबीर, कुटुंबाचा कणा होण्याची क्षमता. हिडन पॅशन मात्र १ च होता, उलट आता अधिक ठळक, आणि ‘६ चा अभाव कायम’. म्हणजे ताईची रात्रीची झोप काही परत आली नाही.

म्हणून मग मी सहाच्या मागे लागलो.

सहा या तक्त्यात तीनच अक्षरांना आहे: एफ, ओ आणि एक्स. आता मराठी नावं आठवून बघा. एफ लागतो तो फ साठी, आणि तोही बरेचदा पी-एच लिहून भागवतात. एक्स येतो तो फक्त ‘क्ष’ लिहिण्याच्या एका जुन्या सवयीतून. राहिला ओ, आणि तो तेव्हाच येतो जेव्हा नावात ‘ओ’चा उच्चार असेल: मोहन, गोपाळ, योगिता, अशोक, मनोहर. म्हणजे मराठी माणसाच्या नावात सहा आहे की नाही हे जवळजवळ पूर्णपणे ‘ओ’कारावर ठरतं. जोशी, गोखले, बोडस, मोरे यांच्या घरी सहा आडनावासकट चालत येतो. कुलकर्णी, देशपांडे, पाटील, जाधव, शिंदे, पटवर्धन यांना तो पहिल्या नावातून किंवा वडिलांच्या नावातून आणावा लागतो. अंकशास्त्राचं खरं मानायचं तर सगळे जोशी जन्मतः संसारी आणि पाटलांना घराची ओढ नाही. माझ्या ओळखीतल्या पाटलांना हे सांगून बघायची माझी हिंमत नाही.

क्ष ची गंमत तर आणखी वेगळी आहे. लक्ष्मण हे नाव कुणी Laxman लिहितं, कुणी Lakshman. पहिल्यात सहा आहे, दुसऱ्यात नाही. दीक्षित आडनावाचंही तेच: Dixit लिहिलं तर सहा मिळतो, Dikshit लिहिलं तर जातो. शाळेत नाव घालायला गेलेल्या बापाने किंवा समोरच्या कारकुनाने त्या दिवशी जे लिहिलं, त्यावर या माणसाला संसाराची ओढ आहे की नाही ते ठरतं.

ताईला हे पटावं म्हणून सगळ्यांना माहीत असलेली नावं घेतली. सुनील मनोहर गावसकर, इंग्रजी स्पेलिंगने मांडलं तर नऊच्या नऊ आकडे हजर आहेत, आणि सहा येतो तो मनोहर मधल्या ओ मधून. सचिन रमेश तेंडुलकर यात सहा नाही आणि सातही नाही, म्हणून सबकॉन्शस सेल्फ ७. लता दीनानाथ मंगेशकर यात फक्त सहा नाही, म्हणून ८. आणि हिडन पॅशन? तिघांचाही १. गावसकरांचा सात वेळा, तेंडुलकरांचा पाच वेळा, लताबाईंचा सात वेळा.

हा एक कुठून येतो ते कळलं की अहवालातली दुसरी भीतीही निवते. एक आहे ए, जे आणि एस यांना. आपल्या लिपीत ‘अ’ प्रत्येक व्यंजनात मुरलेला असतो. देवनागरीत तो लिहावा लागत नाही, पण रोमन अक्षरांत नाव आलं की जिथे जिथे तो ऐकू येतो तिथे तिथे ए लिहावा लागतो. शिवाय आ साठीही एकच ए. मंगेशकर, गावसकर, वेंगसरकर अशा कर-आडनावांमध्ये ए दोनदा-तीनदा येतोच. त्यात श आणि स साठी एस, ज साठी जे. पूर्ण तीन शब्दी नाव लिहिलं की एकच्या खात्यात पाच-सहा अक्षरं कशीही जमतात. या पद्धतीने मराठी माणसांची नावं मांडत गेलं तर १ हिडन पॅशन नसलेलं नाव शोधावं लागतं. माधुरी शंकर दीक्षित हे असं एक. त्यात नऊ पाच वेळा आणि एक चार वेळा, कारण ई-कार आणि र जास्त आहेत. म्हणजे ‘आतून सत्तेची ओढ’ हा ज्याला गुप्त दोष म्हटलंय, तो मुळात आपल्या बाराखडीतला अ आहे.

ज्या देशात ही पद्धत वाढली तिथल्या जाणकारांना हा प्रश्न ठाऊक होता. इंग्रजी नावांतही १, ५ आणि ९ जास्त येतात (ए, एस, ई, एन, आय, आर ही इंग्रजीतली गर्दीची अक्षरं), आणि ७ कमी. म्हणून त्यांच्यातले काही जण नुसता मोठा आकडा पाहत नाहीत, तो सर्वसाधारण नावात येतो त्याहून किती जास्त आला हे पाहतात. ही दुरुस्ती योग्य दिशेची आहे. पण ती सरासरी इंग्रजी नावांची. मराठी नावांसाठी अशी सरासरी बसवून मग अहवाल देणारा मला तरी भेटलेला नाही. नुसती तुलना केली असती तरी कळलं असतं की सव्वीस अक्षरांत आठ एक ही मराठी नावात काही विशेष गोष्ट नाही.

सबकॉन्शस सेल्फचंही असंच. तो वेगवेगळे आकडे मोजतो, आणि जितकी अक्षरं जास्त तितके वेगवेगळे आकडे सापडायची शक्यता जास्त. सोळा अक्षरांवर महेश ७ होता, सव्वीसवर ८ झाला, यात त्याच्या स्वभावाचं काही नाही, नावाच्या लांबीचं आहे. तीन पूर्ण शब्दांचं नाव लावणारे मराठी लोक सातापासून नवापर्यंत फिरतात. वडिलांचं नाव एका इनिशियलवर आटपणारा तमिळ माणूस त्याच हिशेबात जास्त ‘कमकुवत’ ठरतो.

आणखी एक घोळ आपल्याकडे सर्रास होतो. नाव पाहायचं ते किरोच्या तक्त्याने आणि हिडन पॅशन काढायचा तोही त्याच तक्त्याने. त्या तक्त्यात कोणत्याही अक्षराला ९ दिलेलाच नाही. त्यामुळे त्यावर कुणाचाही हिडन पॅशन ९ येऊ शकत नाही, सबकॉन्शस सेल्फ ८ च्या वर जात नाही, आणि जगातल्या प्रत्येक माणसाला ९ चा कर्मिक लेसन आपोआप लागतो. अहवालात हिडन पॅशन हा शब्द असेल आणि सगळ्यांच्याच नावात ९ गायब दिसत असेल, तर तक्ते मिसळलेत असं समजावं. उत्सुकता म्हणून महेशचं पूर्ण नाव मी किरोच्या तक्त्यानेही मांडलं. तिथे यू, व्ही, डब्ल्यू यांना ६ आहे. पटवर्धनातल्या डब्ल्यूने सहा आणला, आणि गायब झाला तो ७. हिडन पॅशनमध्ये १ आणि ५ बरोबरीत आले. ५ म्हणजे बंधन नको असलेला, फिरस्ता. एकाच मुलाचे आता तीन ‘खरे चेहरे’ झाले होते.

इथपर्यंत गणित झालं. पण ताईला त्रास देत होतं ते गणित नव्हतं, तो ‘सुप्त’ हा शब्द होता.

जोडीदाराबद्दल हे आकडे वापरताना अंकशास्त्री त्यांना दिसणाऱ्या स्वभावाच्या उलट बाजूला बसवतात. मुलगा रुबाबात बोलला तर ‘एक उघड झाला’. नम्र बोलला तर ‘एक दडपलेला आहे, लग्नानंतर बाहेर येईल’. दोन्ही वेळा आकडा बरोबर. सबकॉन्शस सेल्फ तर संकटाविषयी बोलतो, आणि कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात संकट कुठून आणायचं? म्हणजे हे वाक्य खोटं ठरवायला निदान पहिलं आजारपण किंवा नोकरी जाणं यावं लागतं, तोवर ते तसंच टिकून राहतं. दरम्यान घरचे लोक पुरावे गोळा करत बसतात. ताईने दोन केले होते. पहिल्या भेटीत मुलगा कमी बोलला, म्हणून सात. तिसऱ्या भेटीत हॉटेलात कुणाला न विचारता त्याने सगळ्यांसाठी मिसळ मागवली, म्हणून एक. त्या हॉटेलात मिसळीशिवाय दुसरं काही मिळतच नाही, हे मृणालने मला नंतर सांगितलं.

‘वरून असा, आतून तसा’ ही वाक्यरचना कुणालाही लागू पडते, हे फार जुनं आहे. बर्ट्रम फोरर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९४८ मध्ये आपल्या ३९ विद्यार्थ्यांना चाचणी घेऊन प्रत्येकाचं म्हणून एक व्यक्तिमत्त्व-वर्णन दिलं. सगळ्यांना दिलेलं वर्णन एकच होतं, रस्त्यावरच्या ज्योतिषाच्या पुस्तकातून जमवलेलं. ते आपल्याला कितपत लागू पडतं याला विद्यार्थ्यांनी पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. त्या वर्णनात ‘बाहेरून शिस्तीचे, पण आतून चिंता करणारे आणि असुरक्षित’ अशा अर्थाचंही एक वाक्य होतं. स्वतःबद्दल असं वाचलं की माणूस मान डोलावतो. होणाऱ्या जावयाबद्दल वाचलं की आई रात्रभर जागते.

ताईला मी फोररचं सांगितलं नाही. मी दुसरं केलं. हिडन पॅशन १, २, ५ आणि ९ यांची नेहमीची वर्णनं चार चिठ्ठ्यांवर लिहिली, आकडे काढून टाकले आणि रविवारी तिच्या घरी गेलो. म्हटलं, यातली भाऊजींची कोणती? एकतीस वर्षं संसार केलायस, तुला माहीत असणारच. तिने क्षणाचाही विचार न करता २ ची चिठ्ठी उचलली: समजूतदार, भांडण टाळणारा, दुसऱ्याच्या कलाने घेणारा. मग वही काढली.

```
S H R I K A N T   V I S H N U   D E S H P A N D E
१ ८ ९ ९ २ १ ५ २   ४ ९ १ ८ ५ ३   ४ ५ १ ८ ७ १ ५ ४ ५
```

एक पाच वेळा, पाचही पाच वेळा. म्हणजे सत्ता आणि स्वैरपणा अशी जोडी. दोन फक्त दोनदा. ताईने वही स्वतःकडे ओढून पुन्हा मोजलं. मग तिची नजर गायब आकड्याच्या ओळीवर गेली.

‘यांच्यातही सहा नाही?’

‘नाही.’

भाऊजी बाहेरून दूध, कोथिंबीर आणि गॅसची पावती घेऊन नुकतेच आले होते. निवृत्तीनंतरही घरातलं एकही बिल त्यांच्याशिवाय भरलं जात नाही. ताईने त्यांच्याकडे पाहिलं आणि बराच वेळ हसत राहिली. त्यांना काही कळेना.

एवढ्यात मृणाल म्हणाली, ‘मामा, माझं कुणी काढलंच नाही.’ हे मात्र खरं होतं आणि या प्रकारच्या अहवालांची ही एक पद्धतच आहे. अहवाल मागणारा पक्ष स्वतःला तपासत नाही, सुप्त दोष असतात ते समोरच्यात. मृणाल श्रीकांत देशपांडे: एक पाच वेळा, पाच पाच वेळा, सहा एकदाही नाही. वडिलांसारखंच. म्हणजे अहवालाच्या भाषेत तिलाही सत्तेची ओढ, तिलाही बंधन नको, तिलाही संसार नको. मुलाकडच्यांनी असाच कागद काढला असता तर त्यांची झोप उडाली असती.

दुसऱ्या अहवालाच्या शेवटी उपाय म्हणून स्पेलिंग बदलण्याचा सल्ला होता: लग्नानंतर दोघांनी नावात सहा येईल असं काही करावं, त्यासाठी वेगळी भेट घ्यावी. इथे मात्र मला अंकशास्त्रींशी शास्त्राच्या आतूनच भांडावंसं वाटलं. हिडन पॅशन आणि सबकॉन्शस सेल्फ हे दोन्ही जन्मनावाचे आकडे. लग्नाने आडनाव बदललं, सहीत एक अक्षर वाढवलं, तरी ते बदलत नाहीत असं ही शाखा स्वतःच मानते. नंतरच्या नावाचा परिणाम ती वेगळा मोजते. जे बदलतच नाही त्याच्या दुरुस्तीसाठी पैसे घ्यायचे, हे त्यांच्याच नियमात बसत नाही. आणि ‘महेश’ या नावात ओ कुठे घालणार?

ताईचा एक प्रश्न तरीही शिल्लक होता आणि तो रास्त होता. अडचण आली तर हा मुलगा मृणालला सांगेल का? मी म्हटलं, त्यालाच विचार. असं सरळ विचारायचं असतं का, यावर आमचा अर्धा तास गेला. शेवटी मृणालनेच विचारलं. शेवटचं मोठं संकट कोणतं आलं होतं, तेव्हा तू कुणाला पहिला फोन केलास? त्याने सांगितलं की दोन वर्षांपूर्वी नोकरी गेली होती. पहिले नऊ दिवस त्याने घरी कुणालाच सांगितलं नव्हतं, रोज डबा घेऊन बाहेर पडायचा आणि ग्रंथालयात बसायचा. दहाव्या दिवशी बाबांना सांगितलं. ‘ते नऊ दिवस चुकलेच,’ असंही तो म्हणाला. मग दोघं त्यावर दोन तास बोलली. तिच्या बाजूने काय कबुल्या निघाल्या ते तिने आम्हाला सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

आता कुणी म्हणेल, पाहा, सात बरोबरच निघाला, कोशात गेलाच की. ताईही पहिल्यांदा तेच म्हणाली. पण सात होता तो चुकीच्या, अर्ध्या नावाचा. नियमाप्रमाणे काढलेला आकडा आठ होता, भक्कम आधाराचा, आणि नोकरी गेल्यावर डबा घेऊन ग्रंथालयात बसणारा मुलगा त्यात बसत नाही. दहाव्या दिवशी बापासमोर उभं राहून खरं सांगणारा मात्र बसतो. दोन्ही आकड्यांना त्याच प्रसंगातून हवा तो अर्धा उचलता येतो. मृणालला मात्र नऊ दिवस आणि दहावा दिवस, दोन्ही कळले.

लग्न डिसेंबरात झालं. नोंदणीचा अर्ज भरताना एक अडचण आली. मुलाच्या दाखल्यावर वडिलांचं नाव Ramchandra आहे, आणि वडिलांच्या स्वतःच्या आधार कार्डावर Ramachandra, मधे एक ए जास्त. दोन्ही कागद जुळत नाहीत म्हणून प्रतिज्ञापत्र करून आणा असं सांगण्यात आलं. त्या धावपळीत ताईचा फोन आला.

‘ए वाढला म्हणजे आता एक किती झाले रे?’

‘नऊ.’

‘बरं,’ ती म्हणाली, ‘स्टॅम्प पेपर कितीचा लागतो ते सांग.’